ताईंचं पोट आणि सात महिने

आम्ही लालबाग-परळ भागात बचत गटांचं काम करतो. आमच्या गटांतल्या निम्म्याहून जास्त बायका तुमच्यासारख्याच गावाकडच्या. कुणी चिपळूणकडची, कुणी पाटणची, कुणी कणकवलीची. लग्न होऊन चाळीतल्या एका खोलीत आल्या आणि इथल्याच झाल्या. आज त्यांच्यातल्याच एका ताईंची हकीकत सांगायची आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

या ताई बत्तीस वर्षांच्या. दोन मुलं. सकाळी एका खानावळीत पोळ्या लाटायच्या आणि उन्हाळ्यात आमच्याबरोबर मसाल्याच्या कामाला यायच्या. एप्रिलमध्ये मिरच्या तोलायच्या काट्यावर आम्ही सगळ्या गंमत म्हणून उभ्या राहिलो होतो. ताईंचं वजन भरलं ४९ किलो. वहीत मिरचीच्या हिशेबाखाली तो आकडा लिहून ठेवला होता. त्याचा पुढे उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

जून लागला आणि ताई म्हणू लागल्या, "जेवलं की पोट डब्ब होतंय." खानावळीतलं खाणं-पिणं वेळेवर नसतं, म्हणून आम्हीही म्हटलं पित्त असेल. जवळच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग जंताची गोळी दिली. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या बेंबी सरकली असेल. शेजारच्या मावशींकडून पोट चोळून घेतलं. जेवण आपोआप कमी झालं. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई अर्धी भाकरी कमी खाते हे कुणाच्या लक्षात येतं?

गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी होत्या. ताई दुपारपर्यंत ठीक असायच्या, संध्याकाळ झाली की शाल गुंडाळून बसायच्या. अंगात कणकण. रात्री घामानं उशी ओली. आता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्त तपासलं, विडाल नावाच्या तपासणीत थोडं काही दिसलं आणि टायफॉइड म्हणून दहा दिवसांची औषधं सुरू झाली. ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पंधरा दिवसांनी ताप परत आला.

इथं थोडं थांबू या, कारण पहिली मेख इथंच आहे. विडाल ही जुनी तपासणी. आपल्याकडे टायफॉइड इतका पसरलेला आहे की पूर्वी कधी होऊन गेला असला किंवा दुसराच कुठला ताप असला तरी ती थोडी उमटू शकते. आणि टायफॉइडसाठी दिली जाणारी काही औषधं टीबीच्या जंतूंनाही थोडी दाबून ठेवतात. पुरतं मारत नाहीत, नुसती दाबतात. म्हणून ताप उतरतो, सगळ्यांना वाटतं रोग बरोबर ओळखला. औषध संपलं की जंतू पुन्हा डोकं वर काढतात. औषधानं बरं वाटून तोच ताप महिन्याभरात परत आला, तर पहिलं निदान पुन्हा तपासायला हवं, एवढं यातून लक्षात ठेवायचं.

तेव्हा काट्यावर ताईंचं वजन ४३ भरलं होतं. दसऱ्याला पुन्हा पाहिलं तर ४४. आम्ही म्हटलं, चला, एक किलो वाढलं, तब्येत सुधारतेय. पण गालाची हाडं वर आली होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता आणि पोट तेवढं पुढं आलं होतं. चाळीत दोघी-तिघींनी विचारलंसुद्धा, "काय गं, दिवस गेले का?" ताईंची पाळीही दोन महिने चुकली होती, म्हणून त्यांनाही शंका आली. लघवीची तपासणी केली. दिवस गेले नव्हते.

वाढलेला तो किलो म्हणजे पोटात साठलेलं पाणी होतं. जुन्या बायका ज्याला जलोदर म्हणतात तेच. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो वजन. अंगावरचं मांस झडत होतं आणि पाणी साठून काटा तेवढाच राहत होता. म्हणून पोट वाढत असेल तेव्हा नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका. दंड बघा, गाल बघा, बांगड्या किती सैल झाल्या ते बघा.

मग सोनोग्राफी झाली. पोटात पाणी, पोटाचं अस्तर जाड झालेलं, अंडाशयाच्या आसपास काहीतरी गोळ्यासारखं. रक्तात सीए १२५ नावाची तपासणी केली. ती ३५ च्या खाली असावी लागते, ताईंची चारशेच्या वर होती. त्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, अंडाशयाचा कॅन्सर वाटतोय, गर्भपिशवी आणि अंडाशय काढायची तयारी ठेवा.

त्या रात्री खोलीत कुणी जेवलं नाही. परळमध्ये राहणाऱ्या माणसाला कॅन्सर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. टाटा रुग्णालय १९४१ पासून इथं आहे. देशभरातून आलेली माणसं बिछाने घेऊन फुटपाथवर थांबलेली आम्ही रोज बघतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण राहतात, तिथंही आमच्यातल्या काहीजणी जात असतात. ताईंच्या नवऱ्यानं गावाकडची जमीन विकायची बोलणी त्याच रात्री फोनवर सुरू केली.

सीए १२५ वाढली म्हणजे कॅन्सरच, असं नसतं, हे मैत्रिणींनो आम्हालाही तेव्हाच कळलं. पोटाच्या आतल्या अस्तराला कुठल्याही कारणानं सूज आली की हा आकडा चढतो. टीबीनं सूज आली तरी चढतो आणि शेकड्यांत जातो. सोनोग्राफीत पाणी, जाड अस्तर आणि गोळे दोन्हींत दिसतात. बाईचं वय, तिची वजनघट, तिचं पुढं आलेलं पोट, सगळं सारखंच. टीबी समजून कॅन्सर मागे पडला तर जीव जातो आणि कॅन्सर समजून टीबी असलेल्या बाईची गर्भपिशवी काढली तर भरून न येणारं नुकसान होतं. म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी पोटातलं पाणी किंवा अस्तराचा तुकडा तपासणं फार महत्त्वाचं.

ताईंना आम्ही परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी सगळे कागद तारखेनुसार लावायला सांगितले. जूनपासूनची प्रत्येक चिठ्ठी. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. ताप संध्याकाळी येतो का? रात्री घाम येतो का? घरात कुणाला टीबी झाला होता का? तिसऱ्या प्रश्नाला नवरा गप्प झाला. सासूबाईंनी जमिनीकडे बघितलं. मग कळलं, दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, तो याच खोलीत झोपायचा. त्याचं लग्न ठरायचं होतं म्हणून घरात कुणी बोलत नव्हतं. सात महिन्यांत ही गोष्ट एकाही डॉक्टरला कुणी सांगितली नव्हती.

आमच्या भागात लपवण्याची ही सवय जुनी आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा एका खोलीत दहा-पंधरा कामगार पाळीपाळीनं झोपायचे. खोकणारा माणूस शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात गेला की चाळ कुजबुजायची, "शिवडीला पाठवला." ते रुग्णालय आजही तिथं आहे, उपचार कितीतरी सुधारले, पण शिवडी हा शब्द अजून घराघरात हळू आवाजात निघतो.

आता पोटात टीबी जातो कसा? फुफ्फुसात शिरलेले जंतू रक्तातून पोटात जाऊ शकतात. खोकल्याचा बेडका गिळला तर आतड्यात जातात. न तापवलेल्या दुधातूनही गुरांचा टीबी येऊ शकतो, म्हणून गाईम्हशीचं निरसं दूध पिऊ नये, उकळून घ्यावं. जंतू पुष्कळदा वर्षानुवर्षं गप्प बसून राहतात आणि अंग अशक्त झालं की जागे होतात. पोटाचा टीबी असलेल्या कितीतरी बायकांना खोकला नसतो, छातीचा फोटो स्वच्छ येतो. ताईंचाही स्वच्छ होता. "खोकला नाही, म्हणजे टीबी नाही," हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं आहे की उशीर होण्याचं ते एक मोठं कारण ठरतं.

डॉक्टरांनी ताईंच्या पोटातून सुईनं पाणी काढलं. पिवळसर, गवताच्या काडीच्या रंगाचं. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. एडीए नावाचा घटक तपासला, तो चाळीसच्या पुष्कळ वर होता. हे टीबीच्या बाजूचं लक्षण. पण त्याच पाण्याची मशीनवरची टीबीची तपासणी, जिला सीबीनॅट म्हणतात, ती निगेटिव्ह आली. नवरा म्हणाला, "बघा, टीबी नाहीच. म्हणजे कॅन्सरच."

डॉक्टर बाईंनी त्याला जे समजावलं ते तुम्हीही ऐका. फुफ्फुसाच्या रोग्याच्या बेडक्यात जंतू भरपूर असतात, म्हणून मशीन ते पकडतं. पोटातल्या पाण्यात जंतू फारच थोडे असतात. मशीनला सापडले तर टीबी आहे असं धरता येतं, पण सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. तांदळाच्या पोत्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि त्यात खडा नाही निघाला, म्हणून पोतंभर खडा नाही असं आपण म्हणतो का?

म्हणून मग पोटाला बारीक छिद्र पाडून दुर्बिणीनं आत बघितलं. अस्तरावर सगळीकडे बाजरीच्या दाण्यांसारखे पांढरे बारीक ठिपके होते. त्याचा तुकडा घेतला. एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिला, दुसरा भाग जंतू वाढवून बघायला. पहिल्या भागाचा रिपोर्ट आठवड्यात आला, टीबीच्या गाठी होत्या. दुसऱ्याला काही आठवडे लागतात, कारण टीबीचे जंतू फार हळू वाढतात. गर्भपिशवी आणि अंडाशय जागच्या जागी राहिले.

आता दुसरा भाग कशाला हवा, हे सांगण्यासाठी मुंबईच्याच नंदिता वेंकटेशन यांची गोष्ट सांगते. त्या पत्रकार आहेत. त्यांना आतड्याचा टीबी दोनदा झाला, पहिल्यांदा २००७ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये. दुसऱ्या वेळी उपचारात जी इंजेक्शनं द्यावी लागली त्यांच्या दुष्परिणामानं त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. त्या गप्प बसल्या नाहीत. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्याबरोबर त्यांनी बेडाक्विलिन या टीबीच्या गोळीवरचा कंपनीचा मक्ता वाढवायला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा तो अर्ज फेटाळला. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी आता बहुतेक वेळा कान घालवणारी ती इंजेक्शनं द्यावी लागत नाहीत, गोळ्यांवर उपचार होतात. पण कुठल्या गोळ्या लागू पडतील हे आधी कळायला हवं, आणि ते तुकड्यातल्या जंतूंवरून कळतं. म्हणून कुणी नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू करतो म्हणाला, तर विचारा, "साहेब, आधी नमुना घेता येईल का?" एकदा गोळ्या सुरू झाल्या की नमुन्यात जंतू सापडणं आणखी कठीण होतं.

ताईंचा टीबी साध्या औषधांनी बरा होणारा निघाला. वजन ३५ ते ४९ किलोच्या गटातलं, म्हणून रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. एकूण सहा महिने. तीन आठवड्यांत संध्याकाळचा ताप गेला. पाणी ओसरल्यावर काट्यावर खरं वजन दिसलं, ४० किलो. औषधं सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये बँक खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दुप्पट झाली आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेतले तरी नोंदणी झाली की ही मदत मिळते.

या गोळ्यांनी लघवी लालसर-केशरी होते, त्याला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली, नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असाल तर आवर्जून सांगा, कारण टीबीच्या औषधानं त्यांचा असर कमी होतो. दुसरा उपाय करावा लागतो.

ताईंचा टीबी पोटाच्या अस्तराचा होता. दुसरा प्रकार आतड्याचा. त्यात बहुधा उजव्या बाजूला खाली, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं, वाट अरुंद होते. आपण ज्याला वायगोळा म्हणतो तसं होतं. जेवणानंतर कळ येते, पोटात गुरगुरतं, एक गोळा वर उठलेला हाताला लागतो, वारा सरला की गोळा जातो आणि बरं वाटतं. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस शौचाला नाही. हे दुखणं अपेंडिक्स समजून ऑपरेशन होतं. नाहीतर क्रोन नावाचा आतड्याचा आजार समजला जातो. हा क्रोन आणि टीबी दुर्बिणीतूनसुद्धा इतके सारखे दिसतात की जाणते डॉक्टरही अडतात. मग काही वेळा टीबीची औषधं देऊन दोन महिन्यांनी दुर्बिणीनं पुन्हा बघतात, जखमा भरल्या तर टीबी, नाही भरल्या तर दुसरं काही. याच्या उलट क्रोन समजून स्टिरॉइड दिलं आणि आत टीबी असला, तर तो भडकतो. म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी "टीबी नाही याची खात्री झाली का?" हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि पोट फुगलं, उलट्या होतात, शौच नाही, वाराही सरत नाही, अशी अवस्था आली तर रात्र काढू नका. आतडं बंद झालेलं असू शकतं. तडक रुग्णालय गाठा.

मैत्रिणींनो, ताईंना पित्त सांगणारे डॉक्टर, टायफॉइड सांगणारे डॉक्टर, कॅन्सर सांगणारे डॉक्टर, प्रत्येकानं समोर जे दिसलं त्यावरून सांगितलं. पोट डब्ब म्हणजे पित्त, ताप म्हणजे टायफॉइड, पाणी म्हणजे कॅन्सर. सात महिन्यांचं दुखणं एका ओळीत कुणापुढे मांडलंच गेलं नव्हतं. प्रत्येक वेळी डॉक्टर नवा, कागद नवे, आणि ताई तिथं फक्त त्या दिवसाचं दुखणं सांगायच्या.

म्हणून आता आमच्या गटात एक रीत आहे. कुणाचं पोट दोन आठवड्यांच्या वर दुखतंय आणि त्यासोबत जेवण किंवा वजन कमी झालंय, तर तिनं चौदा दिवस संध्याकाळी साडेपाचला थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहायचा. हात लावून ताप बघायचा नाही, कणकण हाताला कळत नाही. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी वजन. पाळीची तारीख. घरात, शेजारात, माहेरी कुणाला टीबी झाला असेल तर तेही लिहायचं, लाज न बाळगता. सगळे जुने कागद तारखेनं लावून एका पिशवीत. ही वही आणि पिशवी घेऊन आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि सरळ विचारायचं, "डॉक्टर, हा पोटाचा टीबी असू शकतो का?" तिथं सोय नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागायची.

आणखी एक. पोटाचा टीबी एका ताटात जेवल्यानं किंवा एका अंथरुणावर झोपल्यानं पसरत नाही. अशा बाईचं ताट वेगळं करायचं कारण नाही. फक्त तिचा छातीचा फोटो आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची, कारण खोकणारा कुणी घरात असेल तर रोग त्याच्याकडून पसरत असतो. ताईंच्या घरी सगळ्यांची तपासणी झाली, मुलं ठीक निघाली.

मे महिन्यात ताईंचा कोर्स संपला. मसाल्याच्या दिवसांत त्या पुन्हा काट्यावर उभ्या राहिल्या, ४६ भरलं. पाळी पूर्ववत झाली आहे. जमीन विकावी लागली नाही. मिरचीच्या हिशेबाच्या त्या वहीत आता आम्ही दर दोन महिन्यांनी सगळ्याजणींचं वजन लिहितो. तुमच्या गटाच्या बैठकीच्या वहीतही एक कोरं पान असेलच.